तिसरे नाणे कशाला?

पाण्याची बाटली 20 रुपयांची. यंत्रात दहाची दोन नाणी टाकली, तरी ते गप्पच. तिसरे टाकल्यावर बाटली पडते. यात नाण्यांच्या खाचेचा दोष नाही, यंत्राच्या अवस्था-आकृतीतला आहे.

अशा आकृतीत भरीव काळा ठिपका सुरुवात दाखवतो. त्यातून निघालेला बाण ‘रिकामे’ या चौकटीत जातो, म्हणजे वीज आली की यंत्र तिथे उभे. पहिले नाणे पडले की ‘पैसे जमा’. तिथून दोन बाण निघतात: एक ‘बाटली देणे’कडे, दुसरा वळून त्याच चौकटीत. कोणता घ्यायचा, हे बाणावरच्या चौकोनी कंसातली अट ठरवते.

खरी मेख इथे आहे. अट आधी तपासली जाते, नाणे हिशेबात नंतर धरले जाते. म्हणून `[जमा >= 20]` लिहिले, तर दुसरे नाणे पडताना जमा 10 च दिसतात आणि बाण मागे वळतो. अट `[जमा + नाणे >= 20]` अशी हवी, आणि परतीच्या बाणावर `[जमा + नाणे < 20]`. तिथे चुकून दोन्हीकडे बरोबरीचे चिन्ह सुटले, तर नेमके 20 झाल्यावर एकही बाण लागू होत नाही. नाणे आत जाते, पण हिशेबात येतच नाही.