रेडिएशनमध्ये तोंड आलं, तर

समजा, पन्नाशीतल्या एका गृहस्थांना जिभेच्या कडेच्या कर्करोगासाठी सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे रेडिएशन घ्यायचं आहे. पहिला आठवडा निभावतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आमटीचा घास झोंबू लागतो, गालाची आतली त्वचा लालभडक होते. पुढे पांढुरके चट्टे पडतात आणि पाणी गिळणंही नको होतं. घरच्यांना वाटतं, उष्णता झाली.

ही उष्णता नव्हे. तोंडातली नाजूक त्वचा साधारण एक-दोन आठवड्यांत नव्याने तयार होते. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारणारे किरण या पेशींनाही सोडत नाहीत. जुना थर झिजतो, नवा तयार होत नाही आणि आतलं मांस उघडं पडतं. केमोथेरपीतही हेच घडतं, पण ते फोड बहुधा आठवडाभराने येतात आणि दोन-तीन आठवड्यांत भरतात. रेडिएशनचे फोड उपचार संपल्यावरही काही आठवडे राहतात.

म्हणून तयारी आधीच करावी. किडलेला दात काढायचा असेल, तर जखम भरायला दोन-तीन आठवडे हाताशी हवेत. तंबाखू, मिश्री आणि दारू बंद. ब्रश अगदी मऊ घ्यावा. पहिल्या दिवसापासून खारं पाणी वापरावं: उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा. दर दोन-तीन तासांनी घोटभर पाणी अर्धा मिनिट हलकेच घोळवून थुंकावं. पाणी रोज ताजं करावं. अल्कोहोल असलेलं माउथवॉश टाळावं, ते जखमेला आणखी जाळतं.

केमोच्या काही औषधांसाठी, उदाहरणार्थ फाइव्ह-एफयू झटपट शिरेतून देताना, अर्धा तास बर्फाचे तुकडे चघळतात. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि तोंडात औषध कमी पोचतं. मात्र ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असेल तर बर्फ नको. त्यामुळे आधी डॉक्टरांना विचारावं.

फोड आल्यावर जेवण कोमट आणि मऊ हवं: तूप घातलेली गुरगुट्या खिचडी, नाचणीचं सत्त्व, मऊ शिजवलेलं अंडं. तिखट, लिंबू, कुरकुरीत पदार्थ नकोत. डॉक्टर जेवणाआधी लावायला बधिर करणारं जेल देतात, पण ते लावल्यावर ठसका लागू शकतो, म्हणून घास लहान घ्यावा. दुखणं जास्त असेल तर मॉर्फिनही देतात. ते कर्करोगाच्या दुखण्यावरचं नेहमीचं औषध आहे, घाबरू नये. वजन घटत राहिलं तर नाकातून नळी घालून अन्न देतात. नळी तात्पुरती असते.

दह्यासारखे पांढरे थर दिसले तर बुरशी असू शकते, तिला वेगळं औषध लागतं. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरेनहाइटवर गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

आपल्या गृहस्थांनी चौथ्या आठवड्यात घरीच बसायचं ठरवलं, तर मधल्या काळात कर्करोगाच्या पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते. म्हणून आपल्या मनाने सिटिंग चुकवू नका. पहिली झणझण जाणवली की त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.