मच्छरदाणी आणि पातळ स्लीपिंग बॅग घरी धुताना

दर उन्हाळी सुट्टीपूर्वी वसतिगृहातील अंथरुणे मुलांबरोबर घरी जातात आणि जूनमध्ये परत येतात. परत आलेल्या सामानाची तपासणी करताना आम्हांला एक गोष्ट वारंवार दिसते. वर्षभर वापरून मच्छरदाणी जितकी झिजत नाही, तितकी ती घरच्या एका धुण्यात फाटते. फाटते तीही जाळीच्या मधोमध क्वचितच. छत आणि भिंत जिथे शिवणीने जोडलेली असते तिथे, किंवा दोरी अडकवण्याचे बंद शिवलेल्या कोपऱ्यांत. पालकांनी धुण्यात हयगय केलेली नसते. उलट ती अधिक निगुतीने, म्हणजे घासून, आपटून आणि घट्ट पिळून धुतलेली असते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यामागची कारणे थोड्या विस्ताराने मांडत आहोत.

साधे कापड पिळले की ताण त्याच्या असंख्य धाग्यांत वाटला जातो. जाळीत धागे थोडे आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा फार. पिळताना काही धाग्यांवरच सगळा भार येतो, ते सरकतात किंवा तुटतात, आणि लहान छिद्र रुंदावते. डास आत शिरायला तेवढे पुरेसे असते. शिवणीच्या ठिकाणी तर सुईने आधीच भोके पाडलेली असतात. तिथे ओढ बसली की टाका शाबूत राहतो आणि भोवतालची जाळी उसवते. ही गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचे बहुतेक नियम आपोआप सुचतात.

एका पलंगाची साधी नायलॉनची मच्छरदाणी धुवायची आहे असे समजू. पाण्यात घालण्यापूर्वी ती दिवसाच्या उजेडात उलगडून पाहावी व असलेली छिद्रे आधीच शिवून घ्यावीत, कारण ओल्या जाळीत छिद्र लवकर पसरते. शिवताना टाका छिद्राच्या अगदी कडेला न घेता दोन-तीन घरे सोडून घ्यावा आणि दोरा ओढून चुण्या पाडू नयेत. मोठ्या भोकाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा लावणे उत्तम. त्यानंतर अंगणात हलकेच झटकून कोरडी धूळ काढावी. ही धूळ तशीच पाण्यात गेली तर तिचा चिखल होऊन जाळीच्या घरांत बसतो आणि मग तो काढण्यासाठी घासण्याचा मोह होतो.

मोठ्या टबात मच्छरदाणी मोकळी बुडेल इतके थंड पाणी घ्यावे. त्यात सौम्य साबणाची पूड लहान चमचाभर घालून ती पूर्ण विरघळल्यावरच मच्छरदाणी सोडावी. न विरघळलेले कण जाळीला चिकटून राहतात. पंधरा-वीस मिनिटे भिजू द्यावी, मग दोन्ही तळव्यांनी दाबावी आणि सोडावी, दाबावी आणि सोडावी. एवढेच धुणे. ब्रश, धोपटणे आणि धुण्याचा दगड यांचे इथे काम नाही. खालची सुती झालर फारच मळली असेल तर तेवढीच बोटांनी चोळावी. दोनतीनदा पाणी बदलून साबण जाऊ द्यावा. बोटांना बुळबुळीत लागेनासे झाले की पुरे. ब्लिचिंग पावडर व धुण्याचा सोडा टाळावा.

बाहेर काढताना एका टोकाला धरून उचलू नये. आधी टबातील पाणी ओतून द्यावे, मच्छरदाणी तळाशी दाबून निथळू द्यावी आणि मग दोन्ही हात खालून घालून गोळा उचलावा. ती बंदांवर टांगून न वाळवता दोन दोऱ्यांवर आडवी पसरावी, चिमटे जाळीला न लावता झालरीला लावावेत. जागा सावलीची आणि वाऱ्याची असावी, कारण कडक उन्हात नायलॉनचे धागे हळूहळू कमकुवत होतात.

वरील रीत साध्या मच्छरदाणीची झाली. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या जिल्ह्यांत आरोग्य विभागाकडून मिळणाऱ्या औषधी मच्छरदाण्यांचे पथ्य निराळे आहे, आणि त्या भागातून येणाऱ्या पालकांनी ते अवश्य पाहावे. त्यांच्या धाग्यावर किंवा धाग्याच्या आत कीटकनाशक असते आणि प्रत्येक धुण्याबरोबर त्यातले थोडे निघून जाते. साधारण वीस धुणी आणि तीन वर्षांचा वापर टिकावा या हिशेबाने त्या बनवलेल्या असतात. दर महिन्याला धुतली तर ती वीस धुणी दोन वर्षांच्या आतच संपतात. म्हणून ती तीन महिन्यांतून एकदाच धुवावी, आणि भिजत न ठेवता लगेच दाबून खंगाळावी. उन्हाने व सोड्याने हे कीटकनाशक नष्ट होते, तेव्हा इथे सावली आणि सौम्य साबण यांना पर्याय नाही. धुतलेले पाणी मात्र ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नये. माशांना ते विषारी आहे. घरापासून दूर, जमिनीत खड्डा करून त्यात ओतावे. नदीवर कपडे धुण्याची सवय असलेल्या गावांत ही गोष्ट मुलांनी घरी समजावून सांगावी असे आम्हांला वाटते.

पातळ स्लीपिंग बॅगेत संकट निराळ्या रूपाने येते. वरचे कापड व आतले अस्तर यांच्यामध्ये कृत्रिम तंतूंचे भरण असते आणि ते जागच्या जागी राहावे म्हणून आरपार टाके घातलेले असतात. हे भरण पाणी पिऊन कोरड्याच्या कितीतरी पट जड होते. अशी बॅग तोंडाला धरून उचलली की सगळे वजन काही टाक्यांवर येते, दोरा तुटतो, भरण घसरून तळाशी गोळा होते आणि वरचा भाग नुसत्या दोन कापडांचा उरतो. मग थंडीत मूल कुडकुडते आणि बॅगेलाच दोष दिला जातो.

धुण्यापूर्वी चेन पूर्ण लावावी, म्हणजे तिचे दात अस्तरात अडकत नाहीत. बॅग उलटी करून टबात वरीलप्रमाणेच दाबून धुवावी. स्वच्छ पायांनी हलके तुडवली तरी चालते. कपडे मऊ करणारे द्रावण घालू नये. पाणी काढताना टब रिकामा करून बॅग पायथ्याकडून गुंडाळत न्यावी, गुंडाळी दाबून निथळवावी आणि हातांवर झेलून न्यावी. खाटेवर किंवा चटईवर आडवी वाळत घालून दर दोन तासांनी उलटावी, आणि भरणाच्या गुठळ्या दिसल्या तर बाहेरूनच बोटांनी मोकळ्या कराव्यात. वरून कोरडी दिसणारी बॅग आतून बहुधा ओली असते. टाक्यांच्या ओळीवर, जिथे कापड दाबलेले असते, हात ठेवून पाहावा. गार लागला तर आणखी एक दिवस ठेवावी. पावसाळ्यात ती धुण्याच्या भानगडीत न पडलेले बरे. मार्च-एप्रिल हाच योग्य काळ.

नावाच्या चिठ्ठीबद्दल एक सूचना उरते. मच्छरदाणीवर नावाची पट्टी जाळीला न शिवता झालरीच्या दुमडीवर शिवावी, आणि बॅगेवर ती तोंडाच्या पट्टीवर लावावी. भरणाच्या भागातून सुई घातल्यास तिथून तंतू बाहेर डोकावू लागतात. शाळेकडून मिळालेल्या जुन्या पट्ट्या जाळीवरच असतील तर त्या उसवून काढू नयेत, तशाच राहू द्याव्यात.