नागमोडी प्रकाश आणि अर्धशिशी : एका संथ लाटेची गोष्ट

डोके दुखू लागण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास डोळ्यांपुढे चमचमणाऱ्या नागमोडी रेषा दिसतात, वाचताना शब्दातील एखादे अक्षर नाहीसे होते आणि नंतर डोक्याची एक बाजू ठणकू लागते, हा अनुभव अनेकांना येतो. आपल्याकडे या दुखण्याला अर्धशिशी म्हणतात, वैद्यकशास्त्र त्याला मायग्रेन म्हणते. मायग्रेन असणाऱ्यांपैकी साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाच्या लोकांना दुखण्याआधी अशी दृश्ये दिसतात. या पूर्वावस्थेला ‘ऑरा’ असे नाव आहे. वसतिगृहातील एखाद्या मुलीने फळ्यावरचे अर्धे वाक्य दिसत नाही असे म्हटले, की कोणी तिला अभ्यास टाळणारी ठरवते, कोणी चष्म्याचा नंबर काढायला सांगते, तर घरी गेल्यावर कोणी तिची दृष्ट काढते किंवा अर्धशिशी उतरवून घेते. वास्तविक तिचे डोळे निर्दोष असतात आणि ती खोटेही बोलत नसते. तिच्या मेंदूच्या मागील भागात त्या वेळी काय घडत असते, ते आम्ही येथे मांडत आहोत.

या कोड्याची गुरुकिल्ली एकाच गोष्टीत आहे : ऑरा सावकाश सरकतो. किती सावकाश, हे प्रथम मोजले ते एका रुग्णानेच. कार्ल लॅशले हे अमेरिकेतील नामवंत मानसशास्त्रज्ञ. मेंदूत स्मृती कोठे साठते याचा शोध घेण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्यांना स्वतःला ऑरा येत असे. तो सुरू झाला की ते कागदावर एका बिंदूकडे नजर रोखून बसत आणि ठरावीक अंतराने त्या प्रकाशरेषेची कडा कोठवर आली आहे ते कागदावर रेखून ठेवीत. या निरीक्षणांवर आधारित लेख त्यांनी 1941 मध्ये प्रसिद्ध केला.

त्या रेखाटनांत एक निश्चित क्रम दिसतो. प्रारंभी नजरेच्या मध्याजवळ एक लहानसा ठिपका उमटतो. त्या जागचे काही दिसत नाही. तेथे काळे काही नसते, नुसती उणीव असते. काही मिनिटांत त्या ठिपक्याभोवती चमकणारी, करवतीच्या दात्यांसारखी कडा दिसू लागते. ती चंद्रकोरीच्या आकाराने एका बाजूला, म्हणजे डावीकडे किंवा उजवीकडे पसरत जाते. कडेच्या पुढचे जग स्वच्छ दिसते, कडेवर लखलखाट असतो आणि कडेच्या मागे दृष्टी नसलेला पट्टा असतो. कोर बाहेर सरकते तसतसे तिचे दाते मोठे होतात आणि तिचा वेग वाढल्यासारखा भासतो. साधारण 20 मिनिटांत ती दृष्टीच्या सीमेपलीकडे निघून जाते. जेथून ती निघाली त्या मध्यभागी दृष्टी तोवर परत आलेली असते.

लॅशले यांनी या क्रमाचा अर्थ मेंदूच्या नकाशावर लावला. डोळ्यांनी टिपलेले चित्र डोक्याच्या मागच्या बाजूस असलेल्या दृष्टिकेंद्रात पोहोचते. दृश्याचा प्रत्येक भाग तेथील ठरलेल्या जागी नोंदला जातो : नजरेचा मध्य अगदी मागच्या टोकाला आणि दृश्याच्या कडा त्याच्या पुढे आत. मात्र हा नकाशा सम प्रमाणात काढलेला नाही. ज्या मध्यभागाने आपण अक्षरे वाचतो, त्याला दृष्टिकेंद्रात ऐसपैस जागा मिळते आणि कडेच्या विस्तीर्ण दृश्याला थोडक्यात भागवावे लागते. म्हणून मेंदूत एखादी गोष्ट एकाच वेगाने सरकत असली, तरी ती मध्याजवळ मंद आणि बारीक दिसेल व कडेला वेगवान आणि मोठी दिसेल. कोरीचे दाते मोठे का होतात, याचे उत्तर येथे मिळाले. या नकाशावर मागच्या टोकापासून दूरच्या कडेपर्यंतचे अंतर 65 मिलिमीटरांच्या आसपास भरते. ते सुमारे 20 मिनिटांत कापले जाते. म्हणजे लाटेची गती दर मिनिटाला सुमारे 3 मिलिमीटर, मुंगीच्या चालीपेक्षाही कितीतरी कमी. चेतातंतूंतून संदेश सेकंदाला कित्येक मीटर धावतात. तेव्हा ऑरा हा नेहमीचा चेतासंदेश नव्हे, हे या एका आकड्याने सिद्ध झाले.

मग ही लाट कशाची? उत्तर काही वर्षांनी वेगळ्याच वाटेने आले. ब्राझीलचे तरुण संशोधक अरिस्टिडिस लियाओ हे हार्वर्ड विद्यापीठात अपस्माराचा, म्हणजे फिट येण्याच्या विकाराचा अभ्यास करीत होते. सशाच्या मेंदूला सौम्य विद्युतस्पर्श केल्यावर तेथे विद्युत वादळ उठेल, अशी अपेक्षा होती. घडले उलटेच. त्या जागची विद्युत हालचाल मावळली आणि ही शांतता तळ्यातील तरंगाप्रमाणे आजूबाजूला पसरत गेली. तिचा वेग दर मिनिटाला सुमारे 3 मिलिमीटर होता. लियाओ यांचा लेख 1944 मध्ये प्रसिद्ध झाला. लॅशले यांचा आकडा आणि हा आकडा एकच आहेत, याकडे पीटर मिल्नर यांनी 1958 मध्ये लक्ष वेधले.

ही लाट पुढे कशी सरकते, तेही आता बरेचसे उलगडले आहे. चेतापेशीच्या आत पोटॅशियमचे प्रमाण जास्त असते आणि बाहेर कमी. एखाद्या जागी पेशी अतिशय उत्तेजित झाल्या, की पोटॅशियम मोठ्या प्रमाणात बाहेर येते. त्याबरोबर ग्लुटामेट नावाचे उत्तेजक द्रव्यही सांडते. दोन्ही झिरपत शेजारच्या पेशींपर्यंत जातात आणि त्यांनाही त्याच अवस्थेत लोटतात. संदेश तारेने न जाता ओल भिंतीत पसरावी तसा पसरतो, म्हणून वेग इतका कमी. उत्तेजित झालेल्या पेशी लगेच थकून काही मिनिटे निपचित पडतात. आता पुन्हा चंद्रकोरीकडे पाहू. तिची लखलखती कडा म्हणजे उत्तेजनाची आघाडी आणि तिच्या मागचा न दिसणारा पट्टा म्हणजे थकलेल्या पेशींचा प्रदेश. रेषा नागमोडी का, याचेही कारण दृष्टिकेंद्राच्या रचनेत आहे. तेथील पेशींचे प्रत्येक पुंज विशिष्ट कलाची रेषा ओळखते, कोणी उभी, कोणी तिरपी, कोणी आडवी. लाट या पुंजांना ओळीने जागे करते, तेव्हा निरनिराळ्या कलांचे तुकडे एकमेकांना जोडल्यासारखे दिसतात.

माणसाच्या मेंदूत ही लाट 2001 मध्ये एमआरआय यंत्राने टिपण्यात आली. ऑरा नेमका यंत्रात असतानाच येणे कठीण. पण एका व्यक्तीला बास्केटबॉल खेळल्यावर ऑरा येत असे. त्याला खेळवून लगेच यंत्रात निजवले. दृष्टिकेंद्रातील रक्तप्रवाहाचा बदल हळूहळू पुढे सरकताना दिसला आणि त्याचा वेग निघाला दर मिनिटाला सुमारे साडेतीन मिलिमीटर. साठ वर्षांपूर्वी कागद-पेन्सिलीने काढलेले उत्तर बरोबर होते.

आता ठणक्याविषयी. मेंदूच्या गाभ्याला स्वतःची वेदना कळत नाही. वेदना कळते ती मेंदूवरील आवरणांना आणि त्यांतील रक्तवाहिन्यांना. चेहऱ्याची संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल चेतेच्या शाखा तेथे पोहोचलेल्या असतात. लाट ओसरताना मागे राहिलेली द्रव्ये या शाखांना चेतवतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. चेतवलेल्या शाखांतून सीजीआरपी नावाचे द्रव्य स्रवते, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि वेदनेची यंत्रणा इतकी हळवी होते, की जिना चढणे, वाकणे, उजेड, आवाज, एवढेच काय, केस विंचरणेही सोसवत नाही. हे घडायला वेळ लागतो, म्हणून डोकेदुखी बहुधा ऑरानंतर तासाभराच्या आत सुरू होते. लाट बहुधा मेंदूच्या एकाच अर्धात उठते, म्हणून दुखणेही बहुधा एका बाजूला असते. दृश्याची डावी बाजू मेंदूचा उजवा अर्ध पाहतो, त्यामुळे चमक डावीकडे आणि ठणका उजवीकडे असे पुष्कळदा आढळते, नेहमीच मात्र नाही.

लाटेचा हा संथपणा घरी आणि वसतिगृहातही उपयोगी पडतो. समजा, नववीतील एका मुलीला सकाळी 9 वाजून 10 मिनिटांनी पुस्तकातील एक अक्षर दिसेनासे झाले. 9.15 ला तेथे बारीक चमक आली, 9.25 ला डावीकडे मोठी कोर झाली, 9.35 ला सारे निवळले आणि 9.50 ला उजवी कानशील ठणकू लागली. तिला आधी एक, मग दुसरा डोळा झाकायला सांगितले, तेव्हा दोन्ही वेळा चमक डावीकडेच दिसली. तक्रार डोळ्यात असती, तर तो डोळा झाकताच चमक गेली असती. मिनिटा-मिनिटाने वाढणारी, आधी चमक आणि मग उणीव असणारी, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला दिसणारी आणि 5 ते 60 मिनिटांत संपणारी ही मालिका ऑराची आहे. वहीत अशा वेळा नोंदवून ठेवल्या, तर डॉक्टरांचे अर्धे काम होते.

याउलट पक्षाघाताचा झटका अचानक येतो. दृष्टी एका क्षणात जाते, चमक बहुधा नसते, तोंड वाकडे होते, हात-पाय लुळा पडतो किंवा बोलणे अडखळते. असे काही दिसल्यास वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ऑरा तासाहून अधिक लांबला, चाळिशीनंतर आयुष्यात प्रथमच आला, किंवा त्याबरोबर अंगाच्या एका बाजूची ताकद गेली, तरी त्याच दिवशी तपासणी हवी. एकाच डोळ्यात वीज चमकल्यासारखे होऊन पडदा सरकल्याचा भास झाला, तर नेत्रपटल सुटण्याची शक्यता असते. तेव्हा नेत्रतज्ज्ञांकडे तातडीने जावे.

आमच्या माजी विद्यार्थिनींसाठी आणि मातांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ऑरा येणाऱ्या स्त्रियांना पक्षाघाताचा धोका मुळात थोडा अधिक असतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी आणि तंबाखूच्या धुराने तो आणखी वाढतो. म्हणून अशा गोळ्या सुरू करण्यापूर्वी डोळ्यांपुढील चमकेचा उल्लेख डॉक्टरांकडे अवश्य करावा. दुसरा मार्ग त्यांच्याकडे असतो.

उपचारांत वेळेला महत्त्व आहे. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी ठणका चढण्यापूर्वी, सुरुवातीलाच घेतली तर ती अधिक लागू पडते. मायग्रेनसाठीच्या ट्रिप्टान गटातील गोळ्या मात्र ऑरात नव्हे, डोके दुखू लागताच घ्यायच्या असतात. महिन्यातून दहा-पंधरा दिवस वेदनाशामके घ्यावी लागत असतील, तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी रोजची होऊन बसते. अशा वेळी गोळ्या वाढवण्याऐवजी लाटच कमी वेळा उठावी यासाठीचे प्रतिबंधक औषध डॉक्टरांकडून सुरू करावे. उपाशी राहणे आणि झोपेची आबाळ यांनी झटका ओढवतो, हे वसतिगृहाच्या वेळापत्रकात ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

पुढच्या वेळी एखादे मूल फळ्यावरचे अर्धे वाक्य नाहीसे झाल्याचे सांगेल, तेव्हा त्याला अंधाऱ्या शांत खोलीत निजवावे, घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी आणि अर्ध्या तासात दृष्टी परत येते असे त्याला सांगावे. आपल्याला काय होत आहे आणि ते केव्हा संपेल हे कळल्यावर त्या मुलाची निम्मी भीती तेथेच ओसरते.