करार कॅलिफोर्नियाचा, हक्क युरोपचा

दोन देशांतल्या कंपन्या करार करतात तेव्हा त्यावर कोणत्या देशाचा कायदा चालेल, हे त्या आपसांत ठरवू शकतात. न्यायालये सहसा ही निवड मानतात. पण ती कुठे अडते, हे इंग्मार खटल्यात दिसते.

इंग्मार ही ब्रिटिश कंपनी 1989 पासून कॅलिफोर्नियाच्या ईटन लेनर्डची ब्रिटनमधील एजंट होती. करारात कॅलिफोर्नियाचा कायदा लिहिला होता. 1996 मध्ये एजन्सी संपली आणि इंग्मारने भरपाई मागितली. युरोपीय निर्देशानुसार एजन्सी संपल्यावर एजंटला अशी भरपाई मिळते. लंडनच्या हायकोर्टाने कराराकडे बोट दाखवून मागणी फेटाळली. अपील कोर्टाने प्रश्न युरोपीय न्यायालयाकडे पाठवला. 9 नोव्हेंबर 2000 रोजी उत्तर आले: एजंट युरोपीय संघात काम करत असेल, तर करारात परका कायदा निवडून हे संरक्षण काढून घेता येणार नाही. नाहीतर प्रत्येक परदेशी कंपनी एका ओळीत ते निकालात काढेल आणि बाजारातली स्पर्धा असमान होईल.

बाकीच्या मुद्द्यांवर निवडलेला कायदा तसाच लागू राहतो. म्हणून परदेशी करारावर सही करण्यापूर्वी, काम जिथे होणार तिथले सक्तीचे नियमही तपासा.