शेवटच्या आकड्याचा भरवसा किती?

स्वयंपाकघरातला साधा इलेक्ट्रॉनिक काटा, पाच किलोपर्यंत मोजणारा आणि एकेक ग्रॅम दाखवणारा. पावासाठी सात ग्रॅम यीस्ट हवं म्हणून वर वाटी ठेवली, टेअर दाबलं, चमच्याने यीस्ट टाकलं आणि ७ दिसल्याबरोबर हात आवरला. वाटीत यीस्ट किती? साडेसहा ग्रॅम असेल किंवा साडेसातला जरासं कमी; काट्याच्या लेखी दोन्ही सातच. शिवाय टेअर दाबताना जे शून्य दिसलं, तेही असंच जवळच्या ग्रॅमवर आणलेलं. हाच काटा किलोभर कणीक मात्र चोख मोजतो. तो बिघडलेला नाही. त्याच्या आवाक्यापेक्षा लहान वजन आपण त्याच्याकडे मागितलं, इतकंच.

औषधाच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं काट्यापुढे बसल्यावर लक्षात आलं की हा घोळ तिथेही तसाच होतो, फक्त दशांशचिन्हानंतर चार घरं पुढे. आमचा काटा २२० ग्रॅमपर्यंतचा, ०.१ मिलिग्रॅम दाखवणारा. काचेच्या पेटीत बसवलेला, खाली जाड दगडी ओटा. एका प्रमाण-द्रावणासाठी ५० मिलिग्रॅम पावडर मोजायची होती. काटा ०.१ मिलिग्रॅम दाखवतो, म्हणजे ५० मिलिग्रॅममध्ये पाचशे पायऱ्या. मग अडचण कसली? असं आमच्या नव्या केमिस्टचं म्हणणं.

आधी काट्याच्या तीन परीक्षा पाहू.

पहिली एक्सेन्ट्रिसिटी, म्हणजे वजन पॅनच्या मधोमध न ठेवता कडेला ठेवलं तर आकडा बदलतो का. १०० ग्रॅमचं वजन चिमट्याने मध्ये ठेवायचं, मग चारही कोपऱ्यांकडे. आमच्याकडे मध्ये १००.०००१ आलं, पुढच्या डाव्या कोपऱ्यात १००.०००३, मागच्या डाव्या कोपऱ्यात ९९.९९९९, उरलेले दोन कोपरे या दोहोंच्या मध्ये. मध्यापासून फरक जास्तीत जास्त ०.२ मिलिग्रॅम. पॅन ज्या समांतर दांड्यांवर तोललेलं असतं, त्या केसभरही तिरक्या झाल्या की हा फरक वाढतो. पॅन वर आणि सांधे खाली ही युक्ती फ्रेंच गणिती रॉबर्वालने १६६९ मध्ये मांडली. किराणा दुकानातला जुना दोन पारड्यांचा टेबलकाटा तिच्यावरच चालायचा.

दुसरी लिनिअ‍ॅरिटी. शून्यापासून २०० ग्रॅमपर्यंत काटा सरळ रेषेत चालतो की मध्येच पोट काढतो? त्यासाठी ५०, १००, १५०, २०० ग्रॅमला वाचन घ्यायचं आणि वजनांच्या दाखल्यावरच्या किमतीशी ताडायचं. वजनावर कोरलेल्या आकड्याशी नव्हे. १०० ग्रॅमच्या वजनाचा दाखला १००.०००१ सांगत असेल, तर ते शंभर नाही. मला मात्र दुसरी रीत जास्त आवडते. एकच ५० ग्रॅमचं वजन घ्यायचं. रिकाम्या पॅनवर ते किती भरतं, आधी ५० ग्रॅम ओझं असताना किती, आधी १०० असताना किती, असं पाहत जायचं. तोच ऐवज दर वेळी तेवढाच भरला पाहिजे. इथे त्याची खरी किंमत ठाऊक नसली तरी चालतं.

या दोन परीक्षांत आमचा काटा सहज पास झाला. अमेरिकी औषधसंहिता, जिला सगळे यूएसपी म्हणतात, दोन्हींसाठी ०.०५ टक्क्याची मर्यादा सुचवते. १०० ग्रॅमवर ती ५० मिलिग्रॅम होते. आमचा फरक ०.२. पण या चुका ओझ्याबरोबर वाढतात आणि ओझ्याबरोबरच घटतात. बाटली जागची हलवली नाही, तर तिच्या जागेमुळे आलेली चूक टेअरबरोबर वजा होते. ५० मिलिग्रॅम पावडरीपुरतं पाहिलं, तर या दोन्ही परीक्षा जवळजवळ मुक्या.

बोलते ती तिसरी, रिपीटेबिलिटी. तेच वजन पुन्हा पुन्हा ठेवलं तर तोच आकडा येतो का? १० ग्रॅमचं वजन घेतलं. दर वेळी शून्य पाहायचं, वजन ठेवायचं, दार बंद करायचं, आकडा थांबू द्यायचा, नोंदवायचा, उचलायचं. असं दहा वेळा. शेवटचं घर अनुक्रमे १, २, ०, १, ३, १, ०, २, १, २ असं नाचलं. या पसाऱ्याचं प्रमाण विचलन ०.०९५ मिलिग्रॅम आलं. हा थरकाप ओझं हलकं केलं म्हणून कमी होत नाही. पॅनवर १० ग्रॅम असो वा ५० मिलिग्रॅम, तो जवळपास तेवढाच राहतो. म्हणून वजन जितकं लहान, तितका त्यातला त्याचा वाटा मोठा.

किमान वजन इथूनच निघतं. प्रमाण विचलनाची दुप्पट घ्यायची आणि चालेल त्या चुकीच्या प्रमाणाने भागायचं. यूएसपी ०.१० टक्का, म्हणजे हजारात एक, चालवून घेते. ०.०९५ ची दुप्पट ०.१९, भागिले ०.००१, उत्तर १९० मिलिग्रॅम. आमच्या ५० मिलिग्रॅमवर चूक ०.३८ टक्के, परवानगीच्या जवळजवळ चौपट.

केमिस्टने लगेच हरकत घेतली. बाटली ३० ग्रॅमची आहे, तिच्यासकट पॅनवर १९० मिलिग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त आहे की! हा गैरसमज मी जाणत्या लोकांतही पाहिला आहे. किमान वजन लागू होतं ते मोजल्या जाणाऱ्या निव्वळ पावडरीला. बाटली त्यात धरायची नाही.

दहाही वाचनं अगदी सारखी आली असती तर? प्रमाण विचलन शून्य, म्हणून किमान वजनही शून्य? तसं नाही. काटा आकडा जवळच्या पायरीवर आणतो, एकदा शून्याला आणि एकदा वजनाला. या दोन गोलाईंतूनच पायरीच्या ०.४१ पट अनिश्चितता येते, तिच्याखाली जाता येत नाही. म्हणजे ०.१ मिलिग्रॅमच्या कुठल्याही काट्याचं किमान वजन, हजारात एकच्या हिशेबाने, ८२ मिलिग्रॅमच्या खाली उतरत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्याला पाच टक्के चूक माफ केली तरी १६.४ ग्रॅम. सात ग्रॅम यीस्ट तिथेच बाद.

मग थरकाप कशाने? काटा ॲडजस्ट करून हा प्रश्न सुटत नाही, कारण ॲडजस्टमेंट आकडा वर-खाली सरकवते, त्याचा थरकाप थांबवत नाही. कोणीतरी एसीची झडप काट्याच्या दिशेने वळवली होती. टिश्यूची एक पट्टी पेटीजवळ धरली, ती हलली. झडप फिरवली, अर्ध्या दिवसाने दहा वाचनं पुन्हा घेतली. या वेळी १, १, ०, १, १, १, २, १, १, ०. विचलन ०.०५७, किमान वजन ११४ मिलिग्रॅम.

सुधारलं, पण ५० ला पुरत नाही. ५० च हवे असतील तर ०.०१ मिलिग्रॅमचा काटा लागतो, ज्याची तळरेषा ८.२ मिलिग्रॅम. तो आमच्याकडे नव्हता. म्हणून ५० मिलिग्रॅम ५० मिलिलिटरमध्ये विरघळवायच्या ऐवजी २०० मिलिग्रॅम २०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये विरघळवले. तीव्रता तीच. अगदी ११४ वर मोजायला मी कुणाला सांगणार नाही. उद्या कुणी दार आपटलं, पावसाळ्यात पावडर ओल धरू लागली, की तो आकडा वर चढतोच. पावडर चौपट लागली, आणि ती स्वस्त नव्हती. स्टोअरवाल्याने त्यावर केमिस्टला बरंच ऐकवलं.