१८० दिवसांची नोटीस

आर्थिक वर्ष सरलं, ताळेबंद भरला आणि काही महिन्यांनी जीएसटी पोर्टलवर ASMT-10 ही नोटीस येऊन पडली. तिच्यात लिहिलेलं असतं: तुमची व्यापारी देणी इतकी दिसतात, म्हणजे पुरवठादारांना पैसे दिलेले नाहीत, तेव्हा घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करा. कायद्यातली तरतूद खरी आहे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत मालाची किंमत आणि कर पुरवठादाराला दिला नाही, तर जेवढी रक्कम थकली तेवढ्या प्रमाणात क्रेडिट उलटवावं लागतं. पुरवठादाराने तोंडी वर्षभराची उधारी दिली असली तरी मुदत तीच राहते.

पण ३१ मार्चची बाकी म्हणजे १८० दिवस उलटलेली बाकी नव्हे. नोटिशीतली चूक बहुतेक वेळा इथेच असते.

समजा, एका हार्डवेअर दुकानाची ३१ मार्च २०२५ ची देणी २३,६०,००० रुपये आहेत. नोटिशीत त्या सगळ्यावर १८ टक्के धरून ३,६०,००० रुपयांचं क्रेडिट मागितलं आहे. खातं उलगडून पाहिलं तर १४,१६,००० रुपयांची बिलं डिसेंबरनंतरची निघतात. ३,५४,००० रुपये नोंदणी नसलेल्या हमाल-कारागिरांचे, त्यावर क्रेडिट घेतलेलंच नाही. आणखी ३,५४,००० रुपयांचा माल परत गेलेला, क्रेडिट नोटनुसार कर आधीच कमी केलेला, फक्त खात्यात नोंद राहिलेली. उरलं एकच बिल, १० एप्रिल २०२४ चं, ५,९०,००० रुपयांचं. त्यातले ३,५४,००० दिले, २,३६,००० थकले. मुदत ७ ऑक्टोबरला संपली. ४० टक्के थकलं म्हणून ९०,००० रुपये करापैकी ३६,००० उलटवायचे. मागणी ३,६०,००० ची, खरं देणं त्याच्या दहाव्या हिश्शाचं.

हे ३६,००० मात्र मान्यच करावेत. GSTR-3B मध्ये 4(B)(2) या रकान्यात ते उलटवले जातात आणि पुरवठादाराला पैसे दिले की पुन्हा घेता येतात. या पुन्हा घेण्याला क्रेडिटची नेहमीची अंतिम मुदत लागू नाही. जातं ते व्याज, वर्षाला १८ टक्क्यांनी ६,४८० रुपये. या सगळ्या काळात क्रेडिट खात्यातली शिल्लक ३६,००० च्या खाली गेली नसेल, तर ते क्रेडिट वापरलंच नव्हतं, हा मुद्दा खात्याच्या उताऱ्यासह मांडावा.

उत्तर ASMT-11 मध्ये, साधारणपणे ३० दिवसांत द्यायचं असतं. "आम्ही पैसे दिले आहेत" एवढं लिहून भागत नाही. बिलनिहाय तक्ता हवा: बिल क्रमांक, तारीख, १८० वा दिवस, पैसे दिल्याची तारीख, बाकी. सोबत बँकेचा उतारा आणि पुरवठादाराचं खातेपत्र. येणं-देणं आपापसात वळतं केलं असेल तर त्याची जमाखर्च नोंद आणि दोघांच्या सह्यांचं पत्र जोडा. तक्ता बनवायला वेळ लागतो, म्हणून नोटीस उघडल्याच दिवशी तो करायला घ्या.