पाऊण डझन अंडी म्हणजे नेमकी किती?

वसई-विरारच्या बाजारात अंडी आणि केळी डझनावर विकली जातात, आणि ‘पाऊण डझन’ या मागणीत ३/४ हा अपूर्णांक दडलेला असतो. रेषेखालचा अंक, म्हणजे छेद, बारा अंड्यांचे चार समान भाग करण्यास सांगतो, त्यामुळे प्रत्येक भागात ३ अंडी येतात. रेषेवरचा अंक, म्हणजे अंश, त्यांपैकी तीन भाग मोजतो, म्हणून उत्तर ९ येते. ‘पाऊण’ हा शब्द संस्कृत ‘पादोन’पासून, म्हणजे ‘पाव भागाने उणे’ या अर्थाने आला असल्याने १२ वजा ३ हा ताळाही शब्दातच आहे, ही मराठीची मोठीच सोय म्हणावी लागेल.

चूक बहुधा ‘समान’ या अटीपाशी होते. २, ३, ३ आणि ४ असे चार ढीग केल्यास तीन ढिगांत कधी ८, कधी ९, तर कधी १० अंडी भरतात. उत्तर ढिगांच्या निवडीनुसार बदलू लागले की भाग असमान आहेत, हे ओळखावे. तीस अंड्यांच्या ट्रेचे पाऊण मात्र साडेबावीस होते, कारण ३० ला ४ ने पूर्ण भाग जात नाही. तेवढी अख्खी अंडी मोजून देता येत नाहीत.